पडला कमी म्हणून घेतला

रिलेटिव्ह स्ट्रेंथ आणि आरएसआय ही एकच गोष्ट, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. नावाचा घोळ. आरएसआय शेअरची तुलना त्याच्या स्वतःच्याच मागच्या 14 दिवसांशी करतो, बाजाराशी नाही. 2022 मध्ये आयटीचा एक शेअर आरएसआय 28 वर आलेला बघून ‘आता उसळणार’ म्हणून मी घेतला. त्या वर्षी निफ्टी चार टक्क्यांच्या आसपास वर बंद झाला आणि निफ्टी आयटी सुमारे 26 टक्के खाली. ज्या शेअरला बाजार मागे टाकून चालला होता, तोच मी उचलला होता.

मग खरी रिलेटिव्ह स्ट्रेंथ शिकलो. हिशेब सोपा आहे. शेअर 55 सत्रांत किती पट झाला, त्याला निर्देशांक किती पट झाला याने भागायचं आणि एक वजा करायचा. शीटमध्ये ताजा दिवस वर ठेवून C मध्ये शेअरचा बंद भाव आणि D मध्ये निफ्टी लिहिला, की सूत्र असं होतं:

```
=(C2/C57)/(D2/D57)-1
```

उत्तर शून्याच्या वर आलं तर शेअर बाजाराच्या पुढे, खाली आलं तर मागे. तेजीचे सौदे फक्त वरच्यांतून निवडायचे, असं ठरवलं आणि लगेच दुसरा फटका खाल्ला.

23 जून 2022. निफ्टी 55 सत्रांत साधारण 18,050 वरून 15,560 वर आला होता, म्हणजे जवळपास 14 टक्के खाली. माझ्या यादीतला एक घरगुती वापराच्या वस्तूंचा शेअर 500 वरून 460 झाला होता. 0.92 भागिले 0.862 केलं की 1.067 येतं. अधिक 6.7 टक्के! यादीत तो अगदी वर होता. 460 ला घेतला.

आता नीट बघा, शेअर आठ टक्के पडलेला होता. बाजार त्याच्याहून जास्त पडला, एवढंच त्याचं कर्तृत्व. ऑगस्टच्या मध्यात निफ्टी 17,900 च्या पुढे गेला आणि माझा शेअर 455 वर. स्ट्रेंथचा आकडा तोवर शून्याखाली गेलेला. तो शेअर बळकट नव्हताच, फक्त मंद होता. बाजार पडताना हळू पडायचा, चढताना हळू चढायचा. घसरणीत असे मंद शेअर सूत्राला बलवान दिसतात आणि बाजार वळला की मागे राहतात.

म्हणून आता मी दोन गोष्टी बघतो. शेअरचा भाव स्वतःच्या 50 दिवसांच्या सरासरीच्या वर आहे का, ही पहिली. सूत्र फक्त तुलना सांगतं, भाव चढतोय की नाही ते सांगत नाही. आणि पैसे तर भाव चढला तरच मिळतात. दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते. निफ्टी ज्या दिवशी वर बंद झाला असे शेवटचे दहा दिवस काढायचे आणि त्या दिवशी शेअर निफ्टीपेक्षा जास्त चढला का ते मोजायचं. माझ्या 460 वाल्याला दहापैकी तीन मिळाले. सहाच्या खाली असेल तर मी हात लावत नाही. हा सहाचा आकडा माझा, अनुभवातून आलेला. त्यामागे शास्त्र वगैरे काही नाही.

आणखी एक खोड सांगतो. बरोबर 55 सत्रांपूर्वी निकालाच्या दिवशी शेअर आपटला असेल, तर तो खालचा भाव पायाला येतो आणि आकडा एका रात्रीत शून्याखालून वर उडी मारतो. आज मात्र भाव जागचा हललेलाही नसतो. बोनस किंवा स्प्लिटचंही तसंच: जुने भाव समायोजित नसतील तर एकास एक बोनसनंतर चांगला शेअर उणे पन्नासच्या घरात दिसतो. त्यामुळे एकट्या आकड्यावर जायचं नाही. शेजारच्या रकान्यात रोजचं C2/D2 काढा आणि त्याची रेघ बघा. रेघ आठ-दहा आठवडे वर चढत आलेली हवी. आकड्याने उडी मारली आणि रेघ आडवी असेल, तर उडी पायामुळे आहे. (बोनसचा कडा मात्र रेघेवरही दिसतो, एका दिवसात अर्ध्यावर.)

निर्देशांकही जोडीचा घ्यावा. छोट्या कंपन्या एकूणच धावत असतील, तेव्हा स्मॉलकॅप शेअर निफ्टी 50 शी लावला की सगळेच पहिलवान दिसतात. तो स्मॉलकॅप निर्देशांकाशी लावला की निम्मे गळतात.

परवा जुनी वही काढून जून 2022 ची यादी या चाळणीतून पुन्हा काढली. तेव्हा शून्याच्या वर अकरा शेअर होते. उरले दोन. 460 वाला भावाच्या पहिल्याच अटीत गळला, कारण त्या दिवशी त्याची 50 दिवसांची सरासरी 478 होती.