नुसतं ‘हॅलो सर’ आलं तर

चि. मुक्ता,

कॉलेजच्या ऑफिसात तुला शिष्यवृत्तीचं टेबल मिळालं, आता ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर नुसते ‘हॅलो सर’ येत राहणार. मुलांना काम सांगता येत नाही म्हणून रागावू नकोस. बहुतेकांना घरी-गावात हेच वळण लागलंय की आधी हाक मारायची, आतून ‘कोण रे?’ आलं की मग बोलायचं. काहींना नंबर बरोबर आहे का तेच पाहायचं असतं. आणि बरीच मुलं संकोचतात. उत्पन्न, जात, वडिलांचं खातं, हे अनोळखी माणसाला एकदम लिहून पाठवायचं कसं? शिवाय मोबाइल पुष्कळदा घरात सगळ्यांचा एकच असतो.

काहींना अडचणीचं नावच माहीत नसतं. महाडीबीटीवर अर्ज ‘Sent Back’ दिसतो, एवढंच त्यांना कळतं.

अशा वेळी तू नुसतं ‘बोला’ लिहिलंस, तर मूल होतं तिथेच राहतं. नाव, वर्ग, योजना, अर्ज क्रमांक असं सगळं एकदम मागितलंस, तर ते दडपून गप्प बसतं. मी या कामात असताना असं लिहीत असे:

‘नमस्कार. मी शिष्यवृत्ती विभागातून बोलतेय. नवीन अर्ज भरायचा आहे, भरलेला अर्ज परत आलाय, की पैसे जमा झाले नाहीत? यातलं नसेल तर तुमच्या शब्दांत सांगा. बोलून पाठवलंत तरी चालेल. ऑफिस ५ पर्यंत आहे.’

यात उत्तर एका शब्दात देता येतं, आणि ज्याला मराठी टाइप करणं जड जातं त्याचीही सोय होते. समोर मुलगा आहे की त्याची आई, हे ठाऊक नसतं, म्हणून ‘तुम्ही’ बरं.

एका मुलीने यावर ‘परत आलाय’ एवढंच लिहिलं. लगेच कागद मागायचे नाहीत. मी विचारलं, ‘त्याखाली कारण लिहिलंय, त्याचा फोटो पाठवाल का?’ फोटोत उत्पन्नाच्या दाखल्याचा शेरा होता. तिने गेल्या वर्षीचा दाखला जोडला होता. नवा काढायला तहसीलला किंवा सेतू केंद्रात जायचं, मग तोच अर्ज दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा, नवा भरायचा नाही, हे दोन ओळींत सांगितलं. आधारचा फोटो किंवा ओटीपी मात्र कुणाकडूनही मागवू नकोस. कुणी आपण होऊन पाठवू लागलं तर थांबव.

उत्तर आलंच नाही, तर दुसऱ्या दिवशी एकदाच लिही, ‘काही अडचण असेल तर ११ ते ५ खिडकीवर या, फोन केलात तरी चालेल.’ त्यानंतर मागे लागू नकोस. फोन दुसऱ्याच्या हातात असेल, तर आपल्या तिसऱ्या मेसेजने त्या मुलाचीच पंचाईत व्हायची. शेवटची तारीख जवळ आली असेल, तर मात्र ती तारीख दुसऱ्या दिवशीच्या मेसेजातच घाल.

तुझी,
सुमनआत्या