पोट बिघडल्यानंतरचा आहार आणि रात्रीचा भात

जुलाब-उलट्या थांबून रुग्णाला भूक लागली, की घरात प्रश्न पडतो : आता खायला काय द्यावे? पहिले दोन-तीन दिवस गरम मऊ भात, पेज, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, केळे किंवा ताजे ताक थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. तळलेले व तिखट टाळावे.

चूक होते ती बहुधा भाताबाबत. समजा, रात्री नऊला शिजवलेला भात पातेल्यात ओट्यावरच राहिला. सकाळी वास आला नाही, म्हणून फोडणी देऊन रुग्णाला वाढला. दोन-तीन तासांत पुन्हा उलट्या सुरू! घरच्यांना वाटते, आजार उलटला. पण कारण वेगळे असू शकते. तांदळात आढळणाऱ्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला, की जंतू वाढून विष तयार करतात. हे विष फोडणीने किंवा उकळल्यानेही नष्ट होत नाही.

म्हणून रुग्णासाठी दर वेळी लागेल तेवढाच भात ताजा शिजवावा. घरातल्यांसाठी उरलेला भात पसरट ताटात निववून तासाभरात फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफवून संपवावा. बाहेर राहिलेला भात, खिचडी, आमटी मात्र टाकूनच द्यावी.

पुन्हा उलट्या झाल्यास जलसंजीवनी घोट-घोट पाजावी. शौचात रक्त दिसल्यास, सहा तास लघवी न झाल्यास किंवा ग्लानी आल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.