मूट कोर्ट : चोरीच्या खटल्यात बचाव पक्षाचा अंतिम युक्तिवाद

विद्यार्थी मित्रांनो, ओळखीच्या पुराव्यावर बचाव करताना सगळे जण एकच घाई करतात, साक्षीदाराला खोटारडा ठरवायची. तुम्ही तसं करू नका. त्याला खोटं बोलायचं काही कारणच नसतं, आणि न्यायाधीशांना ते दिसतं. ‘साक्षीदार प्रामाणिक आहे, पण चुकतो आहे’ असं म्हणा. खालचं भाषण त्याच पायावर उभं आहे.

सरावासाठी प्रकरण असं घ्या. धनत्रयोदशीची संध्याकाळ, नागपूरच्या बर्डीवर गर्दी. दुकानाच्या काउंटरवरून एक बॅग चोरीला गेली. बॅगेत 18 हजार रुपये होते. दुकानदाराने चोराला पळताना पाहिलं. 19 दिवसांनी एका तरुणाला अटक झाली आणि त्यानंतर 25 दिवसांनी ओळख परेड झाली. बॅग किंवा पैसे आरोपीकडे मिळाले नाहीत. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 303(2) खाली आहे.

आता भाषण वाचा.

“माननीय न्यायाधीश महोदय, बॅग चोरीला गेली हे आम्हांला मान्य आहे. वाद फक्त एवढाच आहे की, ती माझ्या अशिलाने नेली का? त्याचं उत्तर एकाच माणसाच्या आठवणीवर टिकून आहे.

फिर्यादी सज्जन गृहस्थ आहेत, ते खोटं बोलले असं मी म्हणत नाही. पण त्यांनी पाहिलं किती? उलटतपासणीत ते म्हणाले, ‘मी बिल करत होतो. मान वर केली तेव्हा तो पायरी उतरत होता.’ म्हणजे दोन-तीन सेकंद, तेही बाजूने. त्याच रात्रीच्या फिर्यादीत वर्णन आहे, ‘सडपातळ, वय 20 ते 25, निळा शर्ट.’ माझ्या अशिलाच्या डाव्या भुवईवर जुना, ठळक व्रण आहे. फिर्यादीत त्याचा उल्लेख नाही. तो व्रण पहिल्यांदा आला तो परेडनंतरच्या जबाबात.

मग मधल्या 44 दिवसांत काय घडलं? फिर्यादींनीच सांगितलं की, परेडच्या आधी पोलिसांनी त्यांना मोबाइलवर एक फोटो दाखवला. महोदय, आमच्या मते परेडचा अर्थ तिथेच संपला. त्यांनी ओळखला तो फोटोतला चेहरा. तो पायरीवरचा होता की नाही, हे आता त्यांनाही सांगता येणार नाही.

परेडमध्ये माझ्या अशिलासोबत तीनच माणसं उभी होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेनुसार एका संशयितासोबत किमान सहा जण हवेत, तेही दिसायला साधारण सारखे. यामागे साधा हिशोब आहे. सहा जण असतील, तर अंदाजाने बोट ठेवणारा सातांत एकदा बरोबर येतो. तीनच असतील, तर चारांत एकदा. शिवाय त्या तिघांपैकी कुणाच्याही भुवईवर व्रण नव्हता.

बुधसेन प्रकरणात 1970 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, परेड हा मूळ पुरावा नाही. मूळ पुरावा म्हणजे न्यायालयात शपथेवर पटवलेली ओळख. परेड तिला फक्त आधार देते. इथे आधारच पोकळ आहे, आणि दुसरा कुठलाही पुरावा नाही. संशयाचा फायदा देऊन माझ्या अशिलाला निर्दोष सोडावं, ही विनंती.”

भाषण इथे संपलं. आता सरकारी वकील काय म्हणतील ते बघा. ते 1958 च्या कांता प्रसाद प्रकरणाचा आधार घेतील. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की, परेड घेतलीच नाही म्हणून न्यायालयातली ओळख बाद होत नाही. तुम्ही ते मान्य करा, आणि लगेच पुढचं वाक्यही सांगा : तिला वजन किती द्यायचं, हे न्यायालयाने परिस्थिती पाहून ठरवायचं असतं. ‘हा पुरावा ग्राह्यच नाही’ असं म्हणालात तर हराल. ‘ग्राह्य आहे, पण वजन नाही’ असं म्हणा.

‘एवढा ठाम साक्षीदार चुकेल कसा?’ असं न्यायाधीशांनी विचारलं, तर अ‍ॅडॉल्फ बेकचं उदाहरण द्या. लंडनमध्ये 1896 साली अनेक स्त्रियांनी ‘हाच तो ठग, यानेच आमचे दागिने लुबाडले’ असं शपथेवर सांगितलं. बेकने शिक्षा भोगली. 1904 मध्ये तसाच खटला पुन्हा झाला, तो पुन्हा दोषी ठरला, आणि त्यानंतर खरा ठग सापडला. त्या स्त्रिया खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खात्री होती, फक्त माणूस दुसरा होता.

सरावाला बसाल तेव्हा एक काम आधी करा. फिर्यादीतलं वर्णन आणि परेडनंतरचा जबाब शेजारी-शेजारी लिहा. दुसऱ्यात जी गोष्ट नव्याने आली, ती कुठून आली हे शोधा. तुमचा युक्तिवाद बहुतेक तिथेच सापडेल.