हप्ता भरायचा वडशात, नोंद दोघांची

प्रश्न : मुलगा अमेरिकेत शिकतो. त्याने पत्रात लिहिलंय, "बाबा, क्रेडिट स्कोअर म्हणजे आपण उधारी कशी फेडतो त्याची गुणांतली नोंद. इथं माझी पाटी कोरी आहे. पण तिथला हप्ता चुकवू नका." धानाचे चुकारे उशिरा आले, तर हप्ता थोडा मागेपुढे चालत नाही का?
— एक पालक, वडसा (देसाईगंज)

उत्तर : मुलाचं बरोबर आहे. शैक्षणिक कर्जात तुम्ही सहकर्जदार आहात, म्हणून चुकलेला हप्ता दोघांच्याही सिबिल अहवालात दिसतो. स्कोअर ३०० ते ९०० असतो आणि त्यात फेडीच्या सवयीला मोठं वजन आहे.

समजा, हप्ता १८,००० रुपयांचा, तारीख ५. खात्यात १७,४०० आहेत. ६०० कमी म्हणून बँक आहेत तेवढे घेऊन थांबेलच असं नाही. बहुधा ऑटो-डेबिट परत जातं आणि दंड लागतो. तुम्ही २० तारखेला पैसे भरता, पण बँकेने १५ तारखेची स्थिती कळवली तर अहवालात थकीत दिवस १० दिसतात. जानेवारी २०२५ पासून बँका किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवतात, त्यामुळे 'महिनाअखेर भरू' हा जुना हिशेब आता धोक्याचा. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खातं एनपीए होतं. मग तुमचं पुढचं ट्रॅक्टर-कर्जही अडतं.

चुकारे लांबतात हे खरंच आहे. म्हणून हप्त्याच्या खात्यात एका हप्त्याएवढी रक्कम कायम राखून ठेवा. तेही जमणार नसेल, तर तारीख उलटण्याआधीच शाखेत लेखी अर्ज द्या.