सूचीतील चित्रांची घाऊक निर्मिती आणि त्यांची छाननी : कोल्हापुरी चपलांचे एक उदाहरण

कोल्हापुरी चप्पल विकत घेणारा ग्राहक पूर्वी ती हातात घेई, तळ वाकवून पाही, शिवण तपाशी आणि मगच भावाची बोलणी करी. आज दूरच्या शहरातील ग्राहक हीच चप्पल संगणकाच्या किंवा दूरध्वनीच्या पडद्यावर पाहतो. त्याच्यापुढे वस्तू नसते, वस्तूचे चित्र असते. त्यामुळे विक्रीसूचीतील चित्र चांगले तर असावेच, पण ते खरेही असावे लागते.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या चित्रनिर्मितीच्या साधनांमुळे अशी चित्रे एका बैठकीत शेकड्यांनी तयार करता येतात. परंतु शंभर चित्रे करणे सोपे झाले म्हणून त्यांतील योग्य ती निवडणे सोपे झालेले नाही. गावोगावच्या कारागीर संस्था आणि महिला बचत गट आपल्या मालाच्या सूची आता स्वतःच तयार करू लागले आहेत. त्यांना मार्गदर्शन करणारे ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी या निर्मितीची आणि छाननीची पद्धत येथे एका उदाहरणाच्या आधारे मांडली आहे. उदाहरणातील संख्या केवळ हिशोब समजावा म्हणून घेतल्या आहेत.

वस्तू खरी, पार्श्वभूमी संगणकाची

पहिला निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे. केवळ शब्दांत वर्णन देऊन संगणकाकडून चपलेचे चित्र काढून घेतले, तर ते देखणे येते. पण ती चप्पल कोणत्याही कारागिराने केलेली नसते. कोल्हापुरी चपलेला सन २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि त्यात महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्ह्यांचा समावेश आहे. तिची ओळख तिच्या रचनेत आहे. अंगठा, पावलावरचा पट्टा, दोन्ही बाजूंचे कान, वरची वेणी आणि चामड्याच्या वादीने घातलेली तळाची शिवण हे तिचे अवयव होत. यंत्राला यांतील एकही अवयव कशासाठी आहे हे ठाऊक नसते. ते असंख्य चित्रांतून शिकलेल्या आकारांच्या आधारे चित्र मांडते. म्हणून ते कधी अंगठा गाळते, कधी कान एकाच बाजूला काढते, कधी दोन्ही चपला डाव्याच पायाच्या काढते, तर कधी जेथे वादीची शिवण हवी तेथे चकाकणारे खिळे ठोकते.

यावर उपाय असा की चपलेचे खरे छायाचित्र घ्यावे आणि संगणकाकडून केवळ तिची पार्श्वभूमी बदलून घ्यावी. त्यासाठी छायाचित्रातील चपलेचा भाग तिच्या आकाराबरहुकूम झाकून घेतात. या झाकणीस मास्क म्हणतात. झाकलेला भाग यंत्राने तसाच ठेवावा आणि उरलेला नव्याने रंगवावा अशी आज्ञा दिली जाते. मात्र यातही एक खाच आहे. अनेक साधने संपूर्ण चित्र आपल्या अंतर्गत भाषेत रूपांतरित करून पुन्हा उलगडतात. त्यामुळे झाकलेल्या भागातील बारीक शिवण किंचित पुसट होते. म्हणून शेवटी मूळ छायाचित्रातील चप्पल त्याच जागी पुन्हा वरून बसवावी लागते. हा टप्पा गाळला, तर दोष सहजी दिसत नाही, पण वेणीचे पेड एकमेकांत मिसळलेले असतात.

घाऊक निर्मितीची मांडणी

समजा, एका गटाकडे चपलांचे १२ नमुने आहेत. प्रत्येक नमुना तीन पार्श्वभूमींवर दाखवायचा आहे : लाकडी पाट, विणलेली चटई आणि ओली काळी फरशी. म्हणजे सूचीसाठी एकूण ३६ चित्रे हवीत. प्रत्येक जोडणीची सहा रूपे काढली, तर २१६ चित्रे होतात.

ही सहा रूपे वेगवेगळी कशी होतात? यंत्र आरंभी एका यादृच्छिक ठिपक्यांच्या पटापासून सुरुवात करते आणि तो पट हळूहळू स्वच्छ करीत चित्र घडवते. आरंभीचा पट ज्या अंकाने ठरतो त्यास सीड म्हणतात. शब्दसूचना, साधनाची आवृत्ती आणि इतर मांडणी तीच ठेवून केवळ सीड बदलला, तर निराळे चित्र मिळते. तोच सीड पुन्हा दिला, तर जवळजवळ तेच चित्र परत मिळते. याचा लाभ घ्यावयाचा असेल तर प्रत्येक चित्राच्या नावातच त्याचा जन्म नोंदवावा. उदाहरणार्थ, सातवा नमुना, दुसरी पार्श्वभूमी आणि १०४१ हा सीड असेल तर चित्राचे नाव `K07_B2_S1041.png` असे ठेवता येते. नाव पाहून चित्र कोठून आले हे कळले नाही, तर पुढील छाननीचा अर्धा उपयोग वाया जातो.

शब्दसूचनेचे दोन भाग करावेत. प्रकाश डावीकडून, कॅमेरा थोडा वरून, सावली मृदू हा भाग सर्व २१६ चित्रांत कायम ठेवावा. केवळ पार्श्वभूमीचे वर्णन बदलावे. मूळ छायाचित्रेही डावीकडून येणाऱ्या प्रकाशातच घेतलेली असली पाहिजेत. तसे नसल्यास चपलेवरचा उजेड एकीकडून आणि तिची सावली दुसरीकडे असे विचित्र दृश्य तयार होते.

छाननीचा क्रम

तपासणी सूचीतील प्रश्न 'हो' किंवा 'नाही' या उत्तराचे असावेत. 'चित्र कसे वाटते' या प्रश्नाला दहा माणसे दहा उत्तरे देतात. 'अंगठा दिसतो काय' या प्रश्नाला एकच उत्तर असते.

प्रश्नांचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. पहिला दरवाजा सत्याचा. मूळ छायाचित्र शेजारी ठेवून पाहावे : अवयव तेवढेच आहेत काय, तळाची जाडी तीच आहे काय, रंग प्रत्यक्ष चपलेशी दिवसाच्या उजेडात जुळतो काय. चप्पल झाकलेली असूनही येथे चूक संभवते, कारण यंत्र झाकणीच्या कडेबाहेर वस्तू वाढवते. तळाखाली आणखी एक थर रंगवते किंवा टाचेला उंची देते. दोन्ही चित्रे एकावर एक ठेवून आळीपाळीने उघडझाप केली, की ही वाढ तात्काळ ध्यानात येते.

दुसरा दरवाजा दोषांचा. चपलेभोवती पांढुरकी कड आहे काय, सावली चपलेला चिकटलेली आहे की चप्पल हवेत तरंगते, चटईची वीण मध्येच विस्कटली आहे काय, कोठे निरर्थक अक्षरे उमटली आहेत काय, हे पूर्ण आकारात पाहावे.

तिसरा दरवाजा एकसारखेपणाचा. तो एकेका चित्रात तपासता येत नाही. एकाच पार्श्वभूमीची सर्व उरलेली चित्रे लहान आकारात एका पानावर मांडावीत. मग एखादी चप्पल इतरांहून मोठी दिसते, एखादा पाट अधिक लालसर आहे, एखादी सावली उजवीकडे पडली आहे, हे डोळ्यांना आपोआप खुपते.

सौंदर्याची निवड सर्वांत शेवटी करावी. याचे कारण साधे आहे. सुंदर चित्रावर आधी मन बसले, की त्यातील चुकीचा कान आपण माफ करतो.

नाकारलेल्या चित्रांचा उपयोग

नाकारलेले चित्र लगेच काढून टाकू नये, त्यापुढे कारण लिहावे. आधी तीनच नमुने घेऊन ५४ चित्रांची चाचणी करावी, म्हणजे या नोंदीचे मोल कळेल. समजा, पहिल्या दरवाजावर १५ चित्रे अडली आणि त्यांतील ११ ओल्या फरशीची निघाली. कारणांच्या रकान्यात एकच शब्द वारंवार आला : प्रतिबिंब. वरची चप्पल खरी होती, पण ओल्या फरशीवरचे तिचे प्रतिबिंब यंत्राने स्वतःच्या कल्पनेने रंगवले होते. त्यात पट्टा रुंद होता, वेणी नव्हती.

येथे दोन मार्ग संभवतात. आणखी शंभर चित्रे काढून त्यांतील बरी निवडणे हा एक मार्ग. त्यात श्रम वाढतात आणि चूक कायम राहते. कारण नष्ट करणे हा दुसरा मार्ग. ओल्या फरशीऐवजी कोरडी घोंगडी घेतली, तर प्रतिबिंबाचा प्रश्नच उरत नाही. बदलानंतर पूर्ण २१६ चित्रे काढली. पहिल्या दरवाजावर २०, दुसऱ्यावर ४८ आणि तिसऱ्यावर ६१ अडली, तर ८७ उरतात. त्यांतून ३६ निवडता येतात. मात्र प्रत्येक जोडणीचे किमान एक चित्र उरले आहे याची खात्री करावी. ८७ ही एकूण संख्या समाधानकारक असूनही एखाद्या नमुन्याचे एकही चित्र शिल्लक नसू शकते. अशा वेळी फक्त त्या जोडणीसाठी नवे सीड घेऊन पुन्हा निर्मिती करावी.

तपासणारे दोघे असावेत. आरंभी दोघांनी तीच २० चित्रे स्वतंत्रपणे तपासून उत्तरे पडताळावीत. जेथे मतभेद होतो तेथे बहुधा प्रश्न संदिग्ध असतो. 'सावली ठीक आहे काय' असे न विचारता 'सावली तळाला टेकलेली आहे काय' असे विचारावे. तपासणाऱ्यांपैकी एक जण चप्पल करणारा कारागीर असेल, तर अधिक चांगले. पुसट झालेली शिवण त्याच्या नजरेतून सुटत नाही.

मर्यादा

तपासणी सूची जे विचारते तेवढेच सापडते. म्हणून शेवटी 'इतर' असा एक रकाना ठेवावा आणि त्यात तीच नोंद पुन्हा पुन्हा येऊ लागली, की तिचा स्वतंत्र प्रश्न करावा. चामड्याचा मऊपणा किंवा चपलेचे वजन कोणत्याही चित्रातून कळत नाही. ते शब्दांत लिहावे लागते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार वस्तूचे खोटे वर्णन करणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. त्यामुळे प्रत्येक नमुन्याचे किमान एक छायाचित्र कोणताही बदल न करता सूचीत द्यावे आणि इतर चित्रांखाली 'पार्श्वभूमी संगणकनिर्मित' अशी ओळ छापावी. पार्सल उघडणाऱ्या ग्राहकाच्या हातात पडणारी चप्पल आणि त्याने पडद्यावर पाहिलेली चप्पल एकच असावी, यासाठीच ही सारी छाननी करावयाची असते.