भाव तोच, काम कमी

गोंदिया

चि. राकेश,


कचारगडच्या यात्रेत धनेगावच्या मंडपाचं काम तुझ्या बिछायतीकडे येतंय, हे वाचून बरं वाटलं. मंडळाला तू 90 हजारांचा अंदाज दिलास, ते 65 म्हणतात आणि तू 70 ला उतरायच्या तयारीत आहेस. थांब जरा. नुसता आकडा उतरवलास तर आधीचे 20 हजार हवेतलेच होते असं ते धरून चालतील, आणि पुढच्या माघात बोलणी 70 पासूनच सुरू होतील.

आधी विचार, 65 आले कुठून? वर्गणीच तेवढी जमली असेल, मागच्या सालचा खर्च असेल, नाहीतर दुसऱ्या कुणाचा भाव असेल. दुसऱ्याचा असेल तर एकच विचार: डिझेल कोणाचं? पुष्कळ जण जनरेटरचं नुसतं भाडं सांगतात आणि डिझेल मागाहून मंडळाच्या माथी मारतात. तुझ्या 90 त डिझेल आहे, हे त्यांना ठाऊक तरी आहे का?

वर्गणीच तेवढी असेल तर घासाघीस करू नकोस, वही उघड. डिझेल, पोरांची मजुरी-जेवण आणि ट्रक मिळून 40 हजार तुझ्या खिशातून जातात. सामानाची झीज आणि हप्ता धरून आणखी 15. म्हणजे 55 च्या खाली घरचं घालायचं. हा आकडा त्यांना सांगायचा नाही, पण बोलायला बसण्याआधी तुझ्यापाशी लिहिलेला हवा.

आता काम कमी करू. खरी गर्दी माघ पौर्णिमेच्या आसपास. पहिला आणि शेवटचा दिवस सैल असतो. मंडळाकडे छोटा जनरेटर आहे म्हणतोस, त्या दोन दिवसांचे दिवे आणि भोंगा त्यावर चालतील. मोठ्याचं दोन दिवसांचं भाडं 5 हजार वाचलं. तो दिवसाला 35 लिटर पितो, म्हणजे 70 लिटर डिझेलचे साडेसहा हजारांच्या आसपास. मंडप 2400 चौरस फुटांचा 1600 कर. तुझ्या 12 रुपयांच्या दराने 9,600 उतरले. झाले 21 हजार. दर मात्र एकाही ओळीत बदललेला नाही, हे त्यांना कागदावर दाखव. रात्री थंडीत मुक्कामाला माणसं जास्त असतील तर मंडप कापू नये, हेही तूच सांग. निवड त्यांना करू दे.

उरलेले चारेक हजार सोड, पण फुकट नको. त्याबदल्यात ट्रक निघण्याआधी निम्मी रक्कम माग. सामान धनेगावात उतरल्यावर पैशाची बोलणी नेहमी त्यांच्याच बाजूने झुकतात.

एवढं करूनही ते पूर्ण मंडप, पाचही दिवस मोठा जनरेटर आणि 65 यावरच अडले, तर हात जोडून मोकळा हो. माघात लग्नंही असतात, या कामासाठी तारखा अडकवून ठेवू नकोस.

तुझा
मामा