गजर उशिरा का वाजतो?

चावीचे गजराचे घड्याळ तुमच्यापैकी काहींनी आजोबांच्या खोलीत पाहिले असेल. त्यात काटे फिरवणारी एक स्प्रिंग आणि घंटा वाजवणारी दुसरी स्प्रिंग असते. गजराचा छोटा काटा साडेपाचवर ठेवला की साडेपाचला घंटा वाजते. त्या घड्याळाला दुसरे काही कामच नसते. हातातल्या मोबाइलचे तसे नाही. त्याला शेकडो कामे असतात आणि बॅटरी मात्र एकच. म्हणूनच मोबाइलमध्ये लावलेली आठवण कधी उशिरा येते, कधी आवाज न करता येते, तर कधी येतच नाही. ही तीन दुखणी वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचे कारणही निराळे आहे. ती ओळखायची कशी, ते अँड्रॉइड फोनचे उदाहरण घेऊन पाहू.

आधी एक शंका दूर करू. मोबाइलचे घड्याळच मागे पडत असेल का? नाही. मोबाइलमध्ये क्वार्ट्झचा एक चिमुकला स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या विचित्र वाटते. पण तिला २ ने लागोपाठ १५ वेळा भागून पाहा. उत्तर बरोबर १ येईल. अशा रीतीने कंपने निम्मी निम्मी करत मंडल नेमका एक सेकंद मिळवते. फोनचा मुख्य प्रोसेसर झोपला तरी हा स्फटिक आणि त्याला जोडलेला मोजणारा भाग जागाच असतो, आणि ठरल्या वेळी तोच प्रोसेसरला उठवतो. वेळ मोजण्यात चूक होत नसते. नेमके केव्हा उठवायचे, याचा निर्णय मात्र दुसरीकडे होतो.

रखवालदाराची यादी

समजा, एका वसतिगृहात २० मुले आहेत आणि प्रत्येकाने रखवालदाराला सांगितले आहे, "मला दर १५ मिनिटांनी हाक मार." प्रत्येकाची वेळ वेगळी असेल, तर रखवालदाराला तासाला ८० खेपा पडतील आणि रात्रीच्या ७ तासांत ५६०. परंतु "थोडे मागेपुढे चालेल" असे मुलांनी मान्य केले, तर तो सर्वांना एकदमच हाका मारील. मग तासाला ४ आणि रात्रीत २८ खेपा पुरतील.

फोनमध्ये ही मुले म्हणजे ॲप, आणि रखवालदार म्हणजे अँड्रॉइड ही कार्यप्रणाली. प्रत्येक खेपेला प्रोसेसर जागा होतो आणि बॅटरी खर्च होते. म्हणून २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.४ पासून साधे गजर असे एकत्र बांधले जाऊ लागले. ॲपने केवळ 'साडेपाच' एवढेच सांगितले, तर रखवालदार त्याचा अर्थ 'साडेपाचनंतर सोयीने' असा घेतो. अँड्रॉइड १२ पासून ही सवड जास्तीत जास्त एका तासाची आहे; पण बॅटरी वाचवण्याची एखादी व्यवस्था चालू असेल, तर तासाची मर्यादाही उरत नाही.

ज्याला अगदी नेमकी वेळ हवी, त्या ॲपला तशी खास विनंती करता येते. मात्र सगळीच ॲप अशी विनंती करू लागली, तर खेपा पुन्हा ५६० होतील. म्हणून २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये या विनंतीसाठी वेगळी परवानगी आली. सेटिंग्जमध्ये ती Alarms & reminders या नावाने दिसते. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून तर बहुतेक नव्या ॲपना ही परवानगी आपोआप मिळत नाही. ती आपण स्वतः चालू करावी लागते. घड्याळ आणि दिनदर्शिका यांसारख्या ज्या ॲपचे मुख्य कामच वेळ सांभाळण्याचे आहे, त्यांना मात्र सूट आहे.

टेबलावरची डुलकी

दुसरे कारण याहून गमतीचे आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन 'डोझ' नावाची डुलकी घेतो. गाढ डुलकीसाठी तीन अटी आहेत. चार्जर लावलेला नसावा, पडदा बंद असावा आणि फोन बराच वेळ हललेला नसावा. हलले की नाही, हे फोनला त्याच्यातल्या गतिमापकावरून कळते. या तीनही अटी नेमक्या केव्हा पुऱ्या होतात, विचार करा. रात्री टेबलावर ठेवलेल्या फोनच्या बाबतीत! म्हणजे पहाटेच्या गजराची वेळ आणि गाढ डुलकीची वेळ एकच.

डुलकीत साधे गजर अडवून ठेवले जातात. फोन मधून मधून थोडा वेळ जागा होतो, तेवढ्यात साचलेली कामे उरकतो आणि पुन्हा झोपतो. रात्र जसजशी सरते, तसतसे या दोन जागांमधले अंतर वाढत जाते. कोणी फोन उचलला किंवा पडदा चालू केला, की डुलकी मोडते आणि अडलेले गजर लगेच सुटतात. "मी फोन हातात घेतला आणि तेव्हाच आठवण वाजली," असे कोणी म्हणाले, तर त्याला योगायोग समजू नका. ते डुलकीचे लक्षण आहे.

घड्याळाच्या ॲपमधला गजर या डुलकीत अडकत नाही. तो 'गजराचे घड्याळ' म्हणूनच नोंदवला जातो आणि त्याची वेळ जवळ आली की फोन आधीच डुलकीतून बाहेर येतो. असा गजर लावलेला असताना पडद्याच्या वरच्या पट्टीत बहुधा घड्याळाचे छोटे चिन्ह दिसते. आठवण लावल्यावर ते चिन्ह दिसले नाही, तर ती या पहिल्या प्रतीच्या गजरांपैकी नसण्याचा संभव आहे. अधल्यामधल्या प्रतीचेही गजर असतात. काही नेमके असूनही डुलकीत अडकतात. काही नेमके असतात आणि डुलकीतूनही वाट काढतात. यांपैकी कोणता वापरायचा, हे ॲप लिहिणाऱ्याने ठरवलेले असते.

वेळेवर, पण मुका

तिसरे कारण आवाजाचे. फोनमध्ये आवाजाच्या वेगवेगळ्या वाटा असतात. गाण्यांची एक, सूचनांची दुसरी आणि गजराची तिसरी. Do Not Disturb चालू केले की सूचनांची वाट बंद होते. गजराची वाट सामान्यतः उघडी ठेवलेली असते. घड्याळाचा गजर या तिसऱ्या वाटेने येतो. पुष्कळ आठवणींची ॲप मात्र केवळ सूचना पाठवतात. ती वेळेवर पोचते, पडद्यावर उमटते, पण आवाज होत नाही.

चार सकाळींचे कोडे

आता एक कोडे सोडवू. समजा, तुमच्या आजीला थायरॉइडची गोळी रोज पहाटे साडेपाचला, उपाशीपोटी घ्यायची आहे. सव्वासहाला तिचा दुधाचा चहा होतो. गोळी चहाबरोबर घेतली, तर दुधातल्या कॅल्शियममुळे औषध नीट शोषले जात नाही. तेव्हा इथे पाऊण तासाचा उशीर क्षुल्लक नाही. तुम्ही तिच्या फोनवर औषधांची आठवण देणारे एक ॲप घातले आहे. फोन नवा आहे, आणि त्यात रात्री १० ते सकाळी ६ Do Not Disturb आपोआप चालू होते.

पहिल्या सकाळी आजीने ६ वाजून १२ मिनिटांनी फोन उचलला आणि आठवण लगेच वाजली. फोन रात्रभर टेबलावर, चार्जरविना होता. संशय डुलकीवर जातो. पण परवानगी नसल्यानेही उशीर होतो. दोन्ही कारणे वेगळी कशी करायची? एका वेळी एकच गोष्ट बदलून.

दुसऱ्या रात्री फोन चार्जरला लावून ठेवा. चार्जरवर डुलकी लागत नाही. सकाळी आजी म्हणाली, "आज तर वाजलेच नाही रे." घाई करू नका. पडद्यावरच्या सूचनेशेजारी ती कधी आली, ते बहुधा लिहिलेले असते. तिथे ५ वाजून ४७ मिनिटे ही वेळ निघाली. डुलकी नसतानाही १७ मिनिटे उशीर! म्हणजे नेमक्या वेळेची परवानगी नाही. Alarms & reminders मध्ये पाहिले, तर ती खरोखरच बंद होती. ती चालू करा.

तिसऱ्या रात्री फोन पुन्हा चार्जरविना ठेवा. सकाळी सूचनेची वेळ बरोबर ५:३०, पण आवाज पुन्हा नाही. म्हणजे हे ॲप डुलकीतूनही वाट काढते आहे. आता उरला तो केवळ मुकेपणा. पहिल्या दिवशी आवाज का झाला होता, तेही आता उलगडते. ६ वाजून १२ मिनिटांनी शांततेची वेळ संपलेली होती! उशिराच्या दोषाने मुकेपणाचा दोष झाकून ठेवला होता. Do Not Disturb च्या अपवादांत या ॲपला जागा द्या. चौथ्या सकाळी साडेपाचला आठवण वाजेल.

तिसऱ्या रात्रीही उशीर झाला असता तर? मग त्या ॲपचा गजर डुलकीत अडकणाऱ्या प्रतीचा आहे, असे समजावे आणि गोळीसाठी घड्याळाच्या ॲपमध्येच गजर लावावा.

आणि सूचनेचा मागमूसही नसेल तर? तेव्हा बहुधा ॲपच बंद पडलेले असते. सेटिंग्जमधून Force stop केले की त्या ॲपचे सर्व गजर पुसले जातात आणि ते पुन्हा उघडेपर्यंत नवे लागत नाहीत. काही फोनमधली बॅटरी वाचवण्याची कडक व्यवस्थाही ॲपला असेच बंद करते. त्यासाठी ॲपच्या Battery या पानावर Unrestricted निवडावे. फोन बंद करून पुन्हा चालू केल्यावरही सारे गजर पुसले जातात. चांगले ॲप ते स्वतःहून पुन्हा लावते. सगळीच ॲप लावतात असे नाही.

हा प्रयोग तुम्ही घरी करू शकाल. आठवण दोन मिनिटांनंतरची नव्हे, दोन तासांनंतरची लावा. जवळच्या वेळेच्या साध्या गजराला सवड थोडीच मिळते आणि तेवढ्या वेळात गाढ डुलकीही लागत नाही. म्हणून दोन मिनिटांच्या परीक्षेत सगळीच ॲप उत्तीर्ण होतात. बॅटरी सेव्हर बंद ठेवा. एकदा चार्जरसह आणि एकदा चार्जरविना, असे प्रत्येकी तीन वेळा करा. कारण दुसऱ्या एखाद्या कामासाठी फोन त्याच क्षणी जागा झाला, तर साधा गजरही नशिबाने वेळेवर वाजतो. वहीत तीन रकाने आखा: लावलेली वेळ, सूचनेवरची वेळ आणि आवाज झाला की नाही. हे तीन रकाने भरले, की दोष कोणता ते बहुधा तुमचे तुम्हालाच वाचता येईल.